ग्रॅम स्टेन, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट: वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरचे नेहमीचे प्रश्न

नवीन बॅच वॉर्डात आली की पहिल्या महिनाभरात हेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी मेडिसिन ट्रॉलीपाशी, कधी रात्री अडीच वाजता फोनवर. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. थिअरी पुस्तकात आहेच. मी एक पेशंट धरून बोलणार आहे, म्हणजे कुठल्या तासाला कुठला रिपोर्ट येतो आणि तेव्हा आपल्या हाताने काय करायचं असतं ते डोळ्यासमोर राहील. पेशंटला आठ नंबरचे आजोबा म्हणू, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

आजोबा अडुसष्ट वर्षांचे, शुगर आहे, खुब्याचं ऑपरेशन होऊन नववा दिवस, लघवीची नळी ऑपरेशनच्या दिवसापासून तशीच. रविवारी रात्री, म्हणजे सोमवार उजाडता १.४० ला हुडहुडी भरून आली, ताप १०२.६, पल्स १२४, बीपी ८८/५०. आरएमओ आले, फ्लुइड सुरू झालं, आणि ऑर्डर लिहिली: ब्लड कल्चर दोन सेट, युरिन कल्चर, मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन स्टॅट.

आधी कल्चर की आधी अँटिबायोटिक? बीपी पडलेलं असताना कल्चरसाठी थांबायचं का?

आधी कल्चर, पण त्याच्या नावावर अँटिबायोटिक लांबवायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही करता येतात कारण हाताशी सामान असेल तर दोन सेट घ्यायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अँटिबायोटिकचा एक डोस जरी रक्तात गेला तरी जंतू वाढण्याची शक्यता लक्षणीय कमी होते, आणि मग तीन दिवसांनी नो ग्रोथ असा रिपोर्ट हातात घेऊन सगळे एकमेकांकडे बघत बसतात. शॉकमधल्या पेशंटची शीर मिळतच नसेल, अर्धा तास शोधाशोध चाललीये, तर डॉक्टरांना सांगा आणि औषध द्या. आजोबांचं रक्त २ वाजता घेतलं, २.१० ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लागलं. दोन्ही वेळा नोट्समध्ये लिहिल्या. ही लिहिलेली वेळ नंतर फार उपयोगी पडते.

दोन सेट कशाला? एका बाटलीत भागत नाही का? नातेवाईक ओरडतात की किती रक्त काढता.

एक सेट म्हणजे दोन बाटल्या, एक एरोबिक एक अ‍ॅनेरोबिक, मोठ्या माणसात प्रत्येकीत ८ ते १० मिली. दोन सेट म्हणजे चार बाटल्या, साधारण ४० मिली, आणि दोन सेट दोन वेगळ्या जागी टोचून. नातेवाइकांना मी सांगते, रक्तदानाला ३५० मिलीची पिशवी भरून देतात, हे त्याच्या आसपासही नाही.

इतकं लागतं कारण मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू खूप पातळ पसरलेले असतात, कितीतरी वेळा एका मिलीमध्ये एखादा, कधी त्याहून कमी. तुम्ही ३ मिली टाकलं तर तो नेमका तुमच्या सिरिंजमध्ये आलाच नाही असं होऊ शकतं. वॉर्डात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, कमी रक्त. दुसरी उलटी चूक, बाटलीत व्हॅक्यूम असतो ती रक्त खेचत राहते आणि १५ मिली कधी गेलं कळत नाही, म्हणून आधीच लेबलच्या कडेला पेनाने १० मिलीची खूण करून ठेवा. लहान मुलांच्या बाटल्या वेगळ्या, त्यात रक्तही कमी लागतं, वजनाप्रमाणे.

दुसऱ्या सेटचं खरं काम मात्र रिपोर्ट आल्यावर कळतं, ते खाली दोन नंबरच्या बेडच्या गोष्टीत येईल.

त्वचा कशी साफ करायची? स्पिरिट स्वॅबने एकदा पुसलं की झालं ना?

नाही झालं. आमच्याकडे अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन आहे, ते ३० सेकंद चांगलं घासायचं आणि मग वाळू द्यायचं. वाळणं हा साफ करण्याचाच भाग आहे, ओल्यावर टोचलं तर औषधाला काम करायला वेळच मिळाला नाही. वाळल्यावर शीर परत बोटाने चाचपायची नाही! हे सगळ्यांकडून होतं, माझ्याकडूनही होतं, सवय आहे ती. चाचपायचंच असेल तर स्टराईल ग्लोव्ह.

आणि बाटलीचं झाकण. वरचं प्लॅस्टिकचं टोपण उडवलं की खालचं रबर स्टराईल आहे असं पुष्कळांना वाटतं, ते तसं नसतं. ७० टक्के अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग टोचा. सिरिंजने घेतलं असेल तर अ‍ॅनेरोबिक बाटली आधी, म्हणजे सिरिंजमधली हवा तिच्यात जात नाही. बटरफ्लायने थेट घेत असाल तर एरोबिक आधी, कारण नळीत हवा असते. रक्तच कमी मिळालं तर एरोबिक नीट भरा, उरलं ते दुसरीत.

रात्री लॅब बंद असेल तर बाटल्या फ्रीजमध्ये ठेवू का?

ब्लड कल्चर फ्रीजमध्ये कधीच नाही. मी एका ठिकाणी नवीन होते तेव्हा सकाळी इन्सुलिन काढायला फ्रीज उघडला तर मागच्या बाजूला दोन ब्लड कल्चर बाटल्या गारठून बसलेल्या, रात्रीच्या ड्युटीने चांगल्या मनाने ठेवलेल्या, कारण सगळी सँपल फ्रीजमध्ये ठेवतात असं कुणीतरी शिकवलं होतं. थंडीत काही नाजूक जंतू मरतात. बाटल्या रूम टेंपरेचरला ठेवा आणि शक्यतो दोन तासांत लॅबला पोचवा.

युरिनचं बरोबर उलटं. ते बाहेर ठेवलं तर त्यातले जंतू वाढतात, ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे मामा चहा पिऊन, एक्सरे देऊन, लिफ्टची वाट बघून लॅबला पोचेपर्यंत थोडेसे होते ते ढीगभर झालेले असतात. दोन तासांत जाणार नसेल तर युरिन फ्रीजमध्ये, २४ तासांपर्यंत चालतं.

कॅथेटरवरच्या पेशंटचं युरिन बॅगेतून घेतलं तर काय बिघडतं?

हे मी केलंय म्हणून सांगते. पहिली नोकरी, संध्याकाळची ड्युटी, सव्वीस पेशंट, बॅगेचा खालचा नळ उघडला, बाटली भरली, पाठवली. रिपोर्टमध्ये तीन तऱ्हेचे जंतू आले, त्यात स्युडोमोनास. दुसऱ्या टीमच्या डॉक्टरने ते बघून भारी इंजेक्शन सुरू केलं. त्या बाईंना लघवीचा त्रासच नव्हता, ताप दुसऱ्याच कारणाचा होता. चार दिवस औषध गेलं, क्रिएटिनिन वाढलं, मग मोठ्या मॅडमनी विचारलं की सँपल कुठून घेतलं होतं. मी खरं सांगितलं. त्यानंतर आजपर्यंत बॅगेतून घेतलं नाही.

बॅगेतलं युरिन तासन्‌तास कोमट पडलेलं असतं, तिथे बॅगेचे जंतू वाढतात, मूत्राशयातले नाही. कॅथेटरला जोडलेल्या नळीवर सँपलिंग पोर्ट असतो, त्याच्या खाली थोडा वेळ क्लँप लावा, १५ मिनिटं पुरतात, पोर्ट अल्कोहोलने पुसा, सिरिंजने काढा. आणि क्लँप काढायला विसरू नका, हे लिहितेय कारण विसरतात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर तिच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर बसलेला असतो, म्हणून नळी बदलून नव्या नळीतून सँपल घ्यायचं. आजोबांची नऊ दिवसांची होती, पोर्टमधून घेतलं.

लॅबमधून फोन आला की ब्लड कल्चर पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय. हे काय आणि मी काय करू?

आजोबांच्या बाटल्या २.४५ ला मशीनमध्ये गेल्या. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, बाटलीच्या बुडाशी सेन्सर असतो, मशीन तो दर थोड्या मिनिटांनी वाचत राहतं आणि वाढ दिसली की इशारा देतं. दुपारी १.२० ला पहिली बाटली वाजली, म्हणजे साडेदहा तासांत. टेक्निशियनने थेंबभर काढून काचेवर पसरवला आणि ग्रॅम स्टेन केला.

हा स्टेन डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये मांडला, आणि थोड्याफार बदलांनी आजही तोच वापरतात. आधी जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडिन, ते रंग पकडून ठेवतं, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने काही सेकंद धुवायचं, शेवटी गुलाबी सॅफ्रनिन. ज्यांची पेशीभिंत जाड ते जांभळा रंग सोडत नाहीत, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची पातळ ते धुतल्यावर रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. धुणं जास्त झालं तर पॉझिटिव्हही गुलाबी दिसू शकतात, म्हणून हा स्टेन म्हणजे अंदाज आहे, पण फार कामाचा अंदाज, पाऊण तासात मिळणारा.

फोनवर चार गोष्टी आल्या तर चार वेगळे अर्थ. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, म्हणजे गुलाबी काड्या: रक्तात हे बहुतेक वेळा खरेच असतात, उगम लघवी, पोट, कधी फुफ्फुस किंवा लाइन, आणि पेशंट झपाट्याने शॉकमध्ये जाऊ शकतो. ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय इन क्लस्टर्स, द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोळे: स्टॅफ, आता तो खतरनाक ऑरियस की त्वचेवरचा साधा हे अजून कळायचंय. इन चेन्स, मण्यांच्या माळेसारखे: स्ट्रेप किंवा एंटरोकॉकस. आणि बडिंग यीस्ट, म्हणजे बुरशी: ती रक्तात दिसली तर कंटॅमिनेशन म्हणून सोडून द्यायची नाही, डॉक्टरांना लगेच.

आता तुमचं काम. फोन घेताना लिहा, मग वाचून दाखवा: पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, किती सेटपैकी कितीत, कुठल्या बाटलीत, काय दिसलं, कोणी सांगितलं, किती वाजता. माझी नोट अशी होती: २.०५ वाजता लॅबकडून फोन, दोन्ही सेटमध्ये ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय, वाचून खात्री केली, २.०८ ला डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांना कळवताना नुसतं "सर, कल्चर पॉझिटिव्ह" म्हणू नका. सोबत आत्ताचं बीपी, पल्स, ताप, गेल्या सहा तासांची लघवी, काय औषध चालू आहे आणि अ‍ॅलर्जी. आजोबांचं बीपी फ्लुइडवर ९६ होतं पण लघवी सहा तासांत फक्त ११० मिली. हे ऐकल्यावर त्यांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन थांबवून मेरोपेनेम १ ग्रॅम आठ तासांनी लिहिलं, कारण हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस राहिलेल्या पेशंटच्या ग्रॅम निगेटिव्हवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालेल याची खात्री नाही.

नवीन अँटिबायोटिक २.२० ला लिहिलं, आमची वेळ ६-२-१०. मग १० ला सुरू करू?

नाही नाही नाही. पहिला डोस आत्ता, नंतरचे डोस वॉर्डच्या वेळेत बसवायचे, आणि कसे बसवायचे ते डॉक्टरांना विचारून. आजोबांना २.४० ला पहिला, दुसरा १० ला. २.२० ची ऑर्डर १० ला सुरू झाली तर साडेसात तास रक्तातला जंतू विनाऔषध. इंडेंट टाकलाय, फार्मसीतून यायचंय, हे कारण मी ऐकून घेत नाही, क्रॅश कार्टमध्ये किंवा शेजारच्या वॉर्डात एखादी व्हायल असतेच.

मेरोपेनेम आयत्या वेळी विरघळवा, सकाळी तिन्ही डोस करून ठेवायचे नाहीत, ते लवकर खराब होतं. आणि पेशंट फिटसाठी व्हॅलप्रोएट घेत असेल तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा, मेरोपेनेममुळे रक्तातलं व्हॅलप्रोएट एकदम खाली येतं आणि फिट येऊ शकते. ट्रीटमेंट चार्ट आपल्या हातात असतो, हे आपल्यालाच आधी दिसतं.

मग दोन नंबरच्या बेडचं काय? त्यांच्यातही कल्चर पॉझिटिव्ह आलं पण डॉक्टर म्हणाले काही देऊ नका.

त्याच आठवड्यात घडलं. ताप बारीक, पेशंट खातोपितो, फक्त एकच सेट पाठवलेला, त्यातल्या एकाच बाटलीत ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय इन क्लस्टर्स, तेही तीस तासांनी. पुढे ओळख आली, कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ. हा आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतो. एका बाटलीत, उशिरा, पेशंटला नवीन लाइन किंवा कृत्रिम व्हॉल्व्ह काही नाही, म्हणजे बहुधा टोचताना त्वचेवरून आला. दुसरा सेट असता तर पंधरा सेकंदांत निकाल लागला असता, नव्हता म्हणून परत दोन सेट घ्यावे लागले, तोपर्यंत रात्रीच्या डॉक्टरने दिलेलं व्हँकोमायसिन दोन डोस गेलेलं. म्हणून दुसरा सेट.

पण उलटा घोळ करू नका. स्टॅफ ऑरियस एका बाटलीत आला तरी तो खराच धरतात. "एकाच बाटलीत आहे, सोडा" हे वाक्य त्याला लागू नाही.

सेंट्रल लाइनमधून घेतलं तर चालेल? शीर मिळत नाही हो.

निव्वळ सोयीसाठी नको, लाइनच्या तोंडाशी जंतू बसलेले असतात. लाइनच खराब झालीये असा संशय असेल तर डॉक्टर मुद्दाम जोडीने मागतात: एक लाइनमधून, एक हातातून, एकाच वेळी आणि रक्त सारखंच. लाइनची बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा जास्त आधी वाजली तर दोष लाइनमध्ये. म्हणजे बाटलीवर "लाइन" आणि "उजवा हात" असं लिहिलं नाही तर अख्खी टेस्ट फुकट.

रिपोर्टला तीन दिवस का लागतात? लॅबवाले बसून असतात का?

नसतात. सोमवारी दुपारी बाटली वाजली, स्टेन झाला, तेव्हाच थेंब प्लेटवर लावला. मंगळवारी सकाळी प्लेटवर कॉलनी उगवल्या, ठिपक्यांसारख्या दिसतात. तेव्हा ओळख पटते, ई. कोलाय. त्याच कॉलनी घेऊन सेन्सिटिव्हिटी लावली, तिला पुन्हा वाढायला रात्र लागते. बुधवारी सकाळी फायनल. जंतूला दोनदा वाढू द्यावं लागतं, त्याला घाई करता येत नाही.

नो ग्रोथ रिपोर्टचंही तेच. ४८ तासांचा नो ग्रोथ हा तात्पुरता, बाटली सहसा पाच दिवस ठेवतात. आणि नो ग्रोथ म्हणजे इन्फेक्शन नाही असं नव्हे: आधी अँटिबायोटिक गेलं असेल, रक्त कमी असेल, पू कुठेतरी पोटात बंद असेल, किंवा टीबीसारखं काही असेल जे या बाटलीत उगवतच नाही. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून स्वतःहून पेशंटकडे लक्ष कमी करू नका.

सेन्सिटिव्हिटीच्या कागदावर एस, आय, आर आणि बाजूला आकडे असतात. सगळ्यात लहान आकडा म्हणजे सगळ्यात भारी औषध ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो कारण सगळे फसतात, इंटर्नसुद्धा.

आकडा म्हणजे एमआयसी, त्या औषधाची कमीत कमी किती मात्रा लॅबमध्ये त्या जंतूची वाढ थांबवते ते. प्रत्येक औषधाची स्वतःची कटऑफ रेषा असते, कारण शरीरात प्रत्येक औषध वेगळ्या प्रमाणात पोचतं. आजोबांच्या रिपोर्टवर मेरोपेनेमसमोर १ असता आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ०.५, तर सिप्रो भारी वाटलं असतं. पण लॅबचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या सध्याच्या कटऑफने ई. कोलायला मेरोपेनेम १ पर्यंत एस आहे, आणि सिप्रो ०.२५ पर्यंतच एस, ०.५ ला आय, १ ला आर. म्हणजे लहान आकड्यावालं औषध इथे कमजोर. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत, ज्याचा त्याचा ज्याच्या त्याच्या रेषेशी.

डिस्क पद्धतीने केलं असेल तर मिलीमीटर येतात, प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जंतू न उगवलेलं गोल रिंगण, तिथेही तसंच, २२ मिलीमीटर म्हणजे १७ पेक्षा चांगलं असं औषध बदलून म्हणता येत नाही.

एस म्हणजे नेहमीच्या डोसला काम होण्याची चांगली शक्यता. आर म्हणजे नको. आय म्हणजे अर्धवट नाही, त्याचा अर्थ औषधाप्रमाणे बदलतो, कधी जास्त डोसला चालतं, कधी लघवीत साठतं म्हणून तिथे चालतं, म्हणून आय दिसलं की डोस आणि वेळ ऑर्डरप्रमाणे काटेकोर.

आजोबांच्या युरिन रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइन एस आहे. स्वस्त गोळी आहे, मग इंजेक्शन का?

नातेवाईक रिपोर्ट मोबाइलवर फिरवून हेच विचारतात आणि प्रश्न चुकीचा नाहीये. आजोबांचं युरिन कल्चर: ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, रक्तातल्यासारखाच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर, मेरोपेनेम एस, अ‍ॅमिकासिन एस, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम एस, को-ट्रायमॉक्साझोल एस, नायट्रोफ्युरँटॉइन एस, आणि खाली बारीक अक्षरात ईएसबीएल.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात पुरेसं राहत नाही. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला उत्तम, पण जंतू रक्तात गेल्यावर ती गोळी म्हणजे अंगणात आग आणि पाणी फक्त न्हाणीघरात. एस हा जंतूचा गुण आहे, औषध त्या जागी पोचतं का हे त्यात लिहिलेलं नसतं.

पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमही एस होतं, तरी डॉक्टरांनी मेरोपेनेमच ठेवलं. २०१८ मध्ये मेरिनो नावाची ट्रायल आली होती, रक्तातल्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-रेझिस्टंट ई. कोलाय आणि क्लेब्सिएलावर, त्यात ३० दिवसांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवाल्या गटात १२.३ टक्के गेले आणि मेरोपेनेमवाल्यात ३.७. तेव्हापासून अशा पेशंटमध्ये बरेच डॉक्टर कागदावरच्या त्या एसवर विसंबत नाहीत.

आणि आजोबा सावरल्यावर, ताप उतरून, खायला लागल्यावर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळीवर नेलं. ते चालू झालं की पोटॅशियम आणि क्रिएटिनिनकडे लक्ष ठेवा, डायबेटिक वयस्कर माणसात पोटॅशियम चढतं.

ईएसबीएल लिहिलंय, म्हणजे वॉर्डात नक्की काय बदलायचं?

ईएसबीएल म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो जे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडून टाकतं. जंतू जास्त विषारी नाही, फक्त औषधं कमी उरतात, आणि तो हातांवरून पसरतो. तुमच्या हॉस्पिटलच्या इन्फेक्शन कंट्रोलचा नियम काय तो पाळा, आमच्याकडे कॉन्टॅक्ट प्रिकॉशन लावतात: बेडला पाटी, आत जाताना ग्लोव्ह आणि एप्रन, त्याच बेडपाशी काढून हात घासायचे, बीपी कफ आणि स्टेथो त्याच पेशंटचा.

पण खरा पसरण्याचा रस्ता सांगू? युरिन बॅग रिकामी करायचा जग. सकाळी एकच प्लॅस्टिकचा जग घेऊन सहा बेडच्या बॅगा रिकाम्या करतात, नळाचं टोक जगाच्या कडेला टेकतं, तेच पुढच्याच्या नळाला लागतं, ग्लोव्हही तेच. मावशींना दोष देऊ नका, त्यांना दुसरा जग कोणी दिलेलाच नसतो. आम्ही मार्करने बेड नंबर घालून प्रत्येकाला वेगळा जग दिला. जगाला टोक टेकवायचं नाही, बॅग जमिनीला नाही, आणि दर पेशंटनंतर ग्लोव्ह काढून हात.

कार्बापेनेमलाच आर आला, म्हणजे मेरोपेनेमसुद्धा चालत नाही, तर हे सगळं अजून कडक: शक्य तर वेगळी खोली, इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरला त्याच दिवशी फोन, आणि पेशंट दुसरीकडे हलवताना किंवा सोनोग्राफीला नेताना तिथल्या लोकांना आधी सांगायचं. नातेवाइकांना घाबरवू नका, मिठी मारू नका वगैरे सांगायची गरज नाही, हात धुवा आणि दुसऱ्याच्या बेडवर बसू नका एवढं पुरतं.

नळीवाल्या पेशंटच्या युरिनमध्ये जंतू आले की दर वेळी उपचार हवेच ना?

नाही. नळी जितके दिवस राहील तितकी जंतू येण्याची शक्यता वाढत जाते. ताप, थंडी, पोटात किंवा कमरेत दुखणं, अचानक गोंधळलेपण असं काही नसेल तर बहुतेकांना औषध देत नाहीत, गरोदर बाया आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेले सोडून. म्हणूनच लघवी गढूळ दिसली, वास आला, एवढ्यावर स्वतःहून कल्चर पाठवू नका, पाठवलं की काहीतरी उगवणार आणि उगवलं की कोणीतरी औषध लिहिणार.

स्पुटम पाठवलं तर "सँपल अनसुटेबल" आलं. पेशंटने बाटली भरून दिली होती.

थुंकी होती ती. लॅब आधी स्टेन करून बघते, तोंडातल्या त्वचेच्या पेशी खूप आणि पसच्या पेशी कमी असतील तर ते सँपल कल्चरला घेत नाहीत. सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकून बेडका. दात काढता येण्यासारखे असतील तर काढायला सांगा. तुम्ही शेजारी उभ्या राहिलात तरच नीट मिळतं, बाटली हातात देऊन निघून गेलात की थुंकीच येते.

आजोबांचं पुढे काय झालं?

नळी मंगळवारी सकाळी काढली, राउंडला मीच विचारलं होतं की आता हिची गरज आहे का. दुपारी चार वाजता स्वतःहून २०० मिली लघवी झाली, ब्लॅडर भरलेला लागत नव्हता. बुधवारी ताप ९९, बीपी १२०. एकूण सात दिवस औषध. जाताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, ते चार बाटल्या रक्त परत देणार का?"